मांजर स्कूटरखाली आलं: पाप, टोचणी की लाज?

रावपुऱ्याची मी: गेल्या सोमवारी पहाटे पावसात माझ्या स्कूटरखाली मांजर आलं. ब्रेक दाबला, तरी गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, मी थांबले नाही. ते पलीकडच्या म्हाताऱ्या गुजराती शेजारणीचं, बांचं होतं, रोज वाटीत दूध घालायच्या. त्या अजून शोधतायत आणि मी गप्प आहे. आई म्हणते पाप लागलं, दान कर. ऑफिसातला मित्र म्हणतो अपघात होता, सोडून दे. मला झोप नाही. हे नक्की काय लागलंय मला?

दांडियाबाजारचे काका: पापच. आमच्या लहानपणी मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं म्हणायचे. हेतू नव्हता म्हणून पाप नाही, हे आजकालचं सोयीचं शास्त्र. विस्तवाला चुकून हात लागला तरी भाजतंच की!

निवृत्त संस्कृत शिक्षक: काका, मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायात मांजराचा उल्लेख आहे, पण त्या जागी सोनं नाही. तीन रात्री दुधावर राहा, किंवा एक योजन चाला, किंवा नदीत स्नान करा, किंवा जलदेवतेचं सूक्त जपा. यातलं एक पुरे. आणि हेतूचा विचार आजकालचा नाही. नकळत झालेलं पाप वेदपठणाने जातं, जाणून केलेल्याला निरनिराळी प्रायश्चित्तं, असा भेद त्याच अध्यायात केलाय. म्हणजे नकळत झालं तरी डाग पडतो, फक्त तो हलक्याने निघतो.

ताईंच्या कामाचं मात्र पुढे आहे. पापातून सुटायच्या वाटा सांगताना पहिला शब्द येतो तो 'ख्यापन', केलेलं तोंडाने बोलून दाखवणं. दुसरा 'अनुताप'. दान पार शेवटी येतं, तेही अडचणीत असलेल्यासाठी. आईंनी शेवटची पायरी आधी सांगितली.

कमाटीबागेजवळचा: गुरुजी, मांजराबद्दल तुम्ही सांगितलंत त्याच्या आधीची ओळ का गाळलीत? मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांपैकी काही मारलं तर शूद्रहत्येचं व्रत करावं, अशी ती ओळ आहे. तुमच्या दुधाच्या तीन रात्री हा त्यालाच दिलेला पर्याय. पाप मोजायचा हा तराजू कुणाच्या हातात होता ते यावरून कळतं.

लाजेचंही तसंच. 1917 मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर आले, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले आणि याच बागेत येऊन बसले. पाप कुणाचं आणि मान खाली घालायची वेळ कुणावर? म्हणून लाजेवरून पाप ओळखता येत नाही, एवढं मी इथे राहून शिकलो.

ताईंसाठी आमच्याकडची गोष्ट सांगतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या टीकेत, पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेरांची आहे. ते आंधळे. पावसानंतर ध्यानासाठी येरझाऱ्या घालताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. इतर भिक्खूंनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी विचारलं, तुम्ही त्यांना मारताना पाहिलंत का? नाही. तसंच त्यांनाही किडे दिसले नाहीत. चेतना नाही, तर पाप नाही. संपलं.

निवृत्त संस्कृत शिक्षक: गाळली, खरं आहे. लिहिताना ओळ आठवली होती आणि हात मागे घेतला. चूक माझी.

माहेर जैन, सासर मराठी: दादा, तुमचं 'संपलं' तिथेच आमचं सुरू होतं! सूत्रकृतांग या आमच्या आगमग्रंथात या मुद्द्यावर बौद्धांची चांगलीच उडवली आहे. पेंडीच्या गोळ्याला माणूस समजून भाला खुपसला तर पाप, आणि खऱ्या माणसाला पेंड समजून भाजला तर नाही, हे कसं काय, असा तो वाद.

पण म्हणून 'जैनांमध्ये जीव मेला की पाप, हेतू बघत नाहीत' हेही खरं नाही. प्रश्न हेतूइतकाच प्रमादाचा, गाफीलपणाचा असतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची खूणच प्रमादातून प्राण घेणं ही आहे, आणि जपून चालणाऱ्याला पापकर्माचा बंध होत नाही असं दशवैकालिकात म्हटलंय. चक्खुपाल आंधळे होते, ताई आंधळ्या नाहीत. ओल्या रस्त्यावर, अंधारात वेग किती होता? ब्रेक वेळेवर दाबला की फोन वाजला म्हणून उशिरा? हे तुम्हालाच ठाऊक.

माझी आई सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायच्या आधी इरियावहिया हा पाठ म्हणते. त्यात जाता-येता काय काय घडलं त्याची यादी आहे: जीव तुडवले, धुळीने झाकले, जमिनीवर घासले, एका जागेवरून दुसरीकडे हलवले. एका इंद्रियाच्या जीवापासून पाच इंद्रियांच्या जीवापर्यंत सगळे. शेवटी 'मिच्छामि दुक्कडं', माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, मग काउसग्गात, निश्चल उभं राहून, पंचवीस श्वास. मला लहानपणी वाटायचं, केवढी ही भीती! आता वाटतं, दिवसाचं ओझं दिवसाला उतरवण्याची ती रीत आहे. तुमचं आठवडाभर साचलंय.

मांजलपूरकर: सोपं आहे. आपली लाजेची संस्कृती, पाश्चात्त्यांची अपराधीपणाची. रूथ बेनेडिक्टने 1946 मध्येच मांडलंय. कुणी पाहिलं नाही तर आपल्याला काही वाटत नाही.

माहेर जैन, सासर मराठी: बेनेडिक्टचं ते पुस्तक जपानवर आहे. आणि कुणी पाहिलं नाही तरी या बाईंना झोप नाही, हे वाचलंत ना?

कमाटीबागेजवळचा: शिवाय 'जनाची नाही तर मनाची तरी' हे आपण कुणाकडून उसनं आणलेलं नाही. पालीत यालाच हिरी आणि ओत्तप्प म्हणतात. बुद्धघोषांनी लोखंडाच्या दोन गोळ्यांचा दाखला दिलाय. एक थंड, पण विष्ठेने माखलेला, त्याला किळस येते म्हणून हात लावत नाही. दुसरा तापून लाल झालेला, तो भाजेल म्हणून लावत नाही. हिरी पहिली, ओत्तप्प दुसरं. दोन्ही हात मागे घ्यायला लावतात, कारणं वेगळी.

अलकापुरीवाला: मला तर दर शनिवारी मांजर आडवं जातं. लिंबू टाकावं का?

याकुतपुऱ्याचा, शिक्षण मराठी शाळेत: शनिवारवाले, हा तो प्रश्न नाही.

ताई, आमच्याकडे मांजराची हदीस प्रसिद्ध आहे. एका बाईने मांजर कोंडलं, खायला दिलं नाही, सोडलंही नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. ते मुद्दाम होतं, तुमचं नाही. पण चूक झाली म्हणजे हात झटकले, असंही नाही. माणूस चुकून मारला गेला तरी कुराणात त्याच्या घरच्यांना भरपाई आहे आणि वर कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त: गुलाम मुक्त करणं किंवा सलग दोन महिने रोजे. मांजराला हा नियम लागत नाही, फक्त रोख सांगतोय.

तौबेला, म्हणजे पश्चात्ताप करून परत फिरण्याला, तीन गोष्टी लागतात: ते काम सोडायचं, पस्तावायचं, पुन्हा न करण्याचं ठरवायचं. माणसाचा हक्क गुंतला असेल तर चौथी, त्याचं त्याला परत करायचं किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यायचं. ती माफी अल्लाहकडे परस्पर मागून चालत नाही. ज्यूंच्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथातही असंच आहे: माणसाचा अपराध केला असेल तर त्याची समजूत काढेपर्यंत योम किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा, दिवससुद्धा तो धुऊन काढत नाही. म्हणून दान, उपास, जप काहीही करा, बांचा हिशोब तसाच राहतो.

दांडियाबाजारचे काका: म्हातारीला सांगून तिचं मांजर परत येणार आहे का? उगाच रोजच्या शेजारात वितुष्ट. काही गोष्टी पोटात ठेवाव्यात.

माहेर जैन, सासर मराठी: काका, मघाशी पाप म्हणत होतात!

दांडियाबाजारचे काका: पाप आहेच. पाप देवाकडे फेडायचं. शेजारणीकडे कशाला?

रावपुऱ्याची मी: फोन वाजला नव्हता, पण घाईत होते. पंचेचाळीसवर असेन. ब्रेक दाबला तो उशिराच, हे वाचल्यावर कबूल करायला हरकत नाही.

आणि एक लक्षात आलं. मांजर डोळ्यांसमोर येतं ते कमीच. जास्त येतो तो आरसा. त्यात मागे काहीतरी हलताना दिसलं होतं आणि मी गिअर बदलल्यासारखी मूठ पिळली. हे वर लिहिलं नव्हतं.

काल संध्याकाळी बांकडे गेले. त्यांनी चहा केला, खाखरे पुढे केले, मांजर कुठल्या कुठल्या गल्लीत शोधलं ते सांगितलं. अर्धा तास बसले आणि न बोलता परत आले. आता त्या मला सोबत शोधायला बोलावतायत, रविवारी.

निवृत्त संस्कृत शिक्षक: ताई, ते योजन म्हणजे चार कोस. रविवारी बांबरोबर निघालात तर पहिल्या कोसातच सांगून टाका, नाहीतर त्या म्हाताऱ्या बाईला चारही चालावे लागतील.