स्लॅबच्या गजांना गंज: चालेल की बदलायचे?

संगमेश्वरकर: घराचा स्लॅब परवा आहे. आठ एमएमचं लोखंड पूर्ण पावसाळा अंगणात पडून होतं, आता लाल झालंय. ठेकेदार म्हणतो, गंजाने सिमेंट उलट चांगलं धरतं. खरं का?

सेंट्रिंगवाला: खरं आहे. वीस वर्षं स्लॅब टाकतोय. नव्या गुळगुळीत गजापेक्षा थोडा लाल गज बरा. घाबरू नका.

साइट इंजिनिअर: थोडा लाल, इथपर्यंत तुमचं बरोबर. बोटाला पावडर लागते तेवढा गंज तारब्रशने जातो. पण खपल्या सुटत असतील आणि खाली खड्डे दिसत असतील, तर गजच झिजलाय. संगमेश्वरकर, प्रत्येक बंडलातून एक मीटरचा तुकडा कापा, तारब्रशने घासा, मगच वजन करा. न घासता केलंत तर गंजाचंही वजन धराल. आठ एमएमचा मीटर ३९५ ग्रॅमचा. आयएस १७८६ एका नमुन्याला ८ टक्के घट चालवून घेतं, म्हणजे साधारण ३६३. ही सूट खरं तर नव्या मालाची आहे, पण साइटवर मी तीच शेवटची रेघ मानतो. मोजून कापा, एक सेंटिमीटर चुकला तरी चार ग्रॅम फिरतात.

वाडीतली: आमच्या कॉलमचे गज वरच्या मजल्यासाठी सहा वर्षं उघडे आहेत. त्यांना सिमेंटचं पाणी लावू का?

साइट इंजिनिअर: ताई, तो प्रश्न निराळा आहे. वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देतो.

संगमेश्वरकर: घरच्या वजनकाट्यावर केलं. वरच्या बंडलाचा तुकडा ३८१, जमिनीला टेकलेल्याचा ३५२. शिवाय खालच्या गजांवर कंपनीचं नावच नाही. वरच्यांवर नाव आणि ‘Fe 500D’ थोड्या थोड्या अंतरावर उठलेलं आहे.

सेंट्रिंगवाला: मग तो गंज नाही, माल मिसळलाय. बिननावाचा गज मुळातच बारीक असतो.

साइट इंजिनिअर: असेल. खड्डे असतील तर गंजाने खाल्ला, अंग एकसारखं असेल तर मुळातच बारीक. कसंही असलं तरी ते बंडल स्लॅबवर चढवू नका. आणि ट्रकमधून दुमडून आलेले गज असतील तर तो वाक नीट पाहा. हातोड्याने सरळ केलेल्या जागी केसासारखी चीर दिसते. तेवढा भाग कापून टाका. गॅसने तापवून सरळ तर अजिबात करू देऊ नका, टीएमटीच्या वरच्या कडक थराची ताकद जाते.

सेंट्रिंगवाला: प्रत्येक वाक कापला तर तुकडे जोडायला लॅप वाढतो. खर्च कोण देणार? आम्ही चावीने हळू सरळ करतो, कधी तुटला नाही.

साइट इंजिनिअर: तुटत नाही, चिरतो. कापलेले तुकडे लहान खोलीच्या स्लॅबला वापरा, लॅप लागणार नाही.

संगमेश्वरकर: खालचं बंडल बाजूला काढलं. वरच्यात चार गजांना तसा वाक आहे, एकावर चीर दिसली. ठेकेदार नवीन बंडलाचे पैसे माझ्याकडे मागतोय, लोखंड त्यानेच आणलं होतं. स्लॅब पुढे ढकललाय.