अनुभव धागा: किटलीला हात लावला की झिणझिण्या

चहाबाज_मंगळवारपेठ
काल बहिणीच्या घरी स्टीलच्या किटलीला ओला हात लागला आणि मुंग्या आल्या. लहानपणी वाड्यातल्या फ्रिजला हात लावायची पैज लागायची, तेच आठवलं. घर जुनं, प्लग तीन पिनचा आहे, पण सॉकेटमागं अर्थिंगची वायर आहे का नाही कुणास ठाऊक. तुमचे अनुभव लिहा.

सुगरण_राजारामपुरी
स्लीपर घालायची की! आम्ही मिक्सर कायम चप्पल घालूनच लावतो.

पाना_पक्कड
ताई, चप्पल निम्मं काम करते. एक हात किटलीवर आणि दुसरा ओल्या सिंकच्या नळावर असला तर करंट पायातनं जातच नाही, छातीवरनं जातो. ओल्या कातडीतनं तो जातोही जास्त.

मुद्दा अर्थिंगचा. मीटरनं फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दाखवायला पाहिजे, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच. नव्वद-शंभर दाखवलं तर अर्थची वायर कुठंतरी लोंबकळतीय. पण मीटर फसवतो बरं का. एका वाड्यात फेज-अर्थ २२४ आलं, मालक खूश. तिथंच ६० वॅटचा बल्ब लावला तर नुसती तार लाल. अर्थिंगच्या खड्ड्याशी पट्टीचा नटबोल्ट गंजून पार खाल्लेला. मीटरला चिमूटभर करंट पुरतो, बल्बला खरा रस्ता लागतो. नट बदलून पट्टी घासल्यावर बल्ब लख्ख.

ही बल्बची चाचणी घरी करू नका. अर्थ तुटलेली असली तर बल्बातनं फेज त्या वायरवरच्या सगळ्या यंत्रांच्या बॉडीवर येतो. वायरमन आधी बाकीचे प्लग काढतो, मग करतो.

भावा_काय_विषय
एमसीबी हाय की आमच्याकडं. शॉक बसला तर पडंल आपोआप.

पाना_पक्कड
न्हाई पडत. एमसीबी वायर वाचवायला असतो, सहा-दहा अँपिअरच्या वर गेल्यावर पडतो. माणसाला त्याच्या शंभराव्या हिश्शात धोका. माणसाला वाचवायला, करंट गळला की पडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजे. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातनं एकदा दाबायचं. पडला नाही तर बदला.

कांदालसूण
माझा मिक्सर खोबरं-तिळाच्या वाटणाला मधेच बंद पडतो. अर्थिंगच असंल का?

सुगरण_राजारामपुरी
नाही हो, खालचं लाल बटण वर आलं असणार. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. वाटण कमी-कमी घाला. तांबड्या रश्श्याला एवढं घट्ट कशाला?

कांदालसूण
घट्टच लागतं, नाहीतर तो रस्सा कसला 😄 बटणच होतं. आता भांड्याखालनं काळं पाणी येतंय ते काय?

पाना_पक्कड
भांड्याचं बुश झिजलं. पाणी कपलरवरनं मोटरीत उतरतं. ते भांडं बाजूला ठेवा आणि बुश बदलून घ्या.

चहाबाज_मंगळवारपेठ
आमच्या वायरमननं सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एक तुकडा घालून जोडलंय म्हणे. 'झिणझिण्या गेल्या, काम झालं.'

पाना_पक्कड
तो तुकडा आजच काढायला लावा. न्यूट्रल मागं कुठं तुटली की फेज किटलीच्या एलिमेंटमधनं फिरून त्याच तुकड्यातनं बॉडीवर येतो. किटली तापणार नाही, पण बॉडीवर सगळे २३०. आधी झिणझिण्या होत्या, मग माणूस चिकटेल. आणि किटलीची वायर प्लगपाशी किंवा तळाशी वाकवल्यावर तडे दिसले तर टेप गुंडाळू नका, तीन तारांची नवी घाला.

मावशी_साने
किटलीतलं पांढरं कशानं काढायचं? बोअरचं पाणी आहे. टॉयलेटचं ॲसिड चालतंय का?

सुगरण_राजारामपुरी
अजिबात नको मावशी, स्टील खातं आणि वाफ छातीत जाते. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा लिंबूसत्त्व. पाणी कोमट करा, प्लग काढा, मग सत्त्व टाकून अर्धा तास ठेवा. सुरीनं खरवडू नका. ओतताना त्यात ब्लीच पडू देऊ नका, विषारी वायू होतो. मग साधं पाणी दोनदा उकळून टाका. तळ आणि बैठक नळाखाली धरायची नाही, पुसायची.

मावशी_साने
आणि अर्ध्या तासात कुणी त्यातच चहा टाकला तर?

सुगरण_राजारामपुरी
दूध फाटंल, तेवढ्यावर कळंल 😅 किटलीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा.

भावा_काय_विषय
आरसीसीबी बसवला तर पावसाळ्यात सारखा पडतो म्हणतात. जुन्या वाड्यात खरं का?

पाना_पक्कड
ओल्या भिंतीतल्या जुन्या वायरिंगनं पडतो, खरं आहे. तो पडतो म्हणजे कुठंतरी गळतंय. सगळं वायरिंग बदलायचा खर्च कुणी करायचा, भाडेकरूनं का मालकानं, ते मात्र तुम्हीच मिटवा.

चहाबाज_मंगळवारपेठ
मालकाला फोन लावलाय, उचलत नाही. किटली कपाटात, चहा गॅसवर.