तात्यांच्या पेन्सिलीच्या बारा खुणा (कथा, आणि एक प्रश्न)

पारावरचा

कथा कच्ची आहे. आधी वाचा, प्रश्न खाली आहे.

मे महिना. शेजारच्या इमारतीतल्या सुनीताताई गेल्या वर्षी पहिल्यांदाच खजिनदार झालेल्या. चोवीस बिऱ्हाडं, महिन्याला दीड हजार मेंटेनन्स, तीन महिन्यांचे साडेचार हजार एकदम. ऑडिटर पुढच्या आठवड्यात येणार म्हणून त्यांनी रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक आणि पासबुक कापडी पिशवीत भरून तात्यांकडे आणलं.

"तेरीज जुळलीय तात्या, नावे आणि जमा दोन्हीकडच्या बेरजा सारख्या. फक्त एकदा नजर टाका."

तात्या बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. शेवटची अकरा वर्षं जुळवणीच्या टेबलावर. त्यांनी तेरीज पाहिलीच नाही. मेंटेनन्सचं पान काढलं. वर्षाची बेरीज ४,८६,०००. चोवीस घरं, घरटी अठरा हजार, म्हणजे ४,३२,०००.

"कुणी आगाऊ भरलेत?"

"आगाऊ कोण भरतंय! थकबाकी मात्र यंदा कुणाची नाही."

फरक ५४,०००. तात्यांनी त्याला साडेचार हजारांनी भागलं. बारा.

मग बारा जण शोधायला वेळ लागला नाही. फ्लॅट नऊ, ७ जुलै, पावती फाडलेली, शेरा 'फोनवरून पाठवले'. रोजकीर्दीत त्याच तारखेला बँकेत जमा. आणि ३१ जुलैला, पासबुक भरून आणल्यावर, पुन्हा एकदा: 'बँकेत थेट जमा ४,५००'. पासबुकात नाव नव्हतं, नुसता लांबलचक आकडा. असे बारा.

पिशवीत शेवटी एक घडी घातलेला कागद होता. मार्चअखेरची बँक जुळवणी, पुस्तकातली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यांतला फरक समजावणारी. 'भरले, वटायचे बाकी' या मथळ्याखाली बारा रकमा, बेरीज ५४,०००. तात्यांनी चष्मा काढून पुसला.

जमाखर्चात ३१,००० वाढावा दाखवला होता. त्या जोरावर कमिटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला होकारही कळवला होता.

तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा आलेल्या बारा ओळींसमोर पेन्सिलीने बारीक टिकल्या केल्या आणि पुस्तकं पिशवीत परत ठेवली. "चहा घ्या," म्हणाले.

सुनीताताईंनी तिथेच रोजकीर्द उघडली. ओळी मोजल्या. बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसल्या.

"तात्या, खोडरबर आहे का हो तुमच्याकडे?"

प्रश्न असा: तात्यांनी तोंडाने सांगायला हवं होतं का? आणि वाचून तुम्हाला ही चूक वाटली की घोटाळा? मला संशय शिल्लक ठेवायचा आहे.

---

ठाणेकर_अनघा

कथा आवडली, तात्या अजिबात नाही. चोवीस घरांचे पैसे आहेत आणि हा माणूस चहा विचारतो! अकरा वर्षं जुळवणी केलेल्याला कळलं नसेल का की ३१,००० वाढावा नसून २३,००० तूट आहे? होकार कळवलाय, उद्या कंत्राटदार आगाऊ रक्कम मागणार. खात्यात तेवढे असतील की नाही देव जाणे.

दुसरं म्हणजे सोसायटीची पुस्तकं बाहेरच्या माणसाच्या घरी जातातच कशी? तात्या तिथले सभासदसुद्धा नाहीत.

---

बोरूबहाद्दर

तात्यांनी जरा घाई केली असं वाटतं. आमच्या हेडक्लार्कनी शिकवलं होतं, फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की अंकांची अदलाबदल समजायची. ५४ चे ५४ लिहिले का ४५, ते आधी बघायचं. ५४,००० ला नऊने भाग जातो. म्हणजे कुठेतरी २८ चं ८२ झालंय. दोनदा मोजणी वगैरे कथेसाठी ठीक आहे, पण पहिला संशय अदलाबदलीवरच जायला हवा होता.

---

जमानावे

बोरूबहाद्दर, नियम खरा, पण इथे तो फसवतो. साडेचार हजारालाच नऊने भाग जातो. मग एक पावती दोनदा लिहा नाहीतर बारा, फरकाला नऊने भाग जाणारच. ज्या सोसायटीत हप्ता साडेचार हजार आहे तिथे ही कसोटी काहीच सांगत नाही. शिवाय ती तेव्हा वापरायची जेव्हा तेरीज जुळत नाही. इथे ती जुळली आहे.

आणि ती का जुळली, हेच या कथेचं मर्म आहे. ७ जुलैला बँक नावे, मेंटेनन्स जमा. ३१ जुलैला पुन्हा बँक नावे, मेंटेनन्स जमा. दोन्ही बाजू सारख्याच फुगल्या. तेरजेला यातलं काही दिसत नाही, ती फक्त तराजू आहे. म्हणून तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, हे लेखकाने अगदी बरोबर पकडलंय. मीही वीसेक वर्षं सोसायट्यांची ऑडिटं करतो आहे. आधी घरं गुणिले दर करतो, मग पुस्तक उघडतो.

चूक की घोटाळा, याचं उत्तर मोजून मिळतं. बारा पावत्या, पासबुकात बारा जमा, रोजकीर्दीत चोवीस ओळी: पैसे कुठेही गेलेले नाहीत, कारण दुसरे पैसे कधी नव्हतेच. पण बारा पावत्या रोखीच्या असत्या, रोजकीर्दीत 'बँकेत भरले' असतं आणि पासबुकात एकही जमा नसती, तर पैसे कुणाच्या तरी खिशात गेले असते. गंमत अशी की दोन्ही वेळा पुस्तकातली बँक शिल्लक पासबुकापेक्षा ५४,००० ने जास्तच दिसते. नुसता फरक बघून चोर ठरवता येत नाही.

---

विरारचा_वसंत

आमच्याकडेही हेच! मला एका तिमाहीचं दोनदा बिल आलं, वर २१ टक्क्यांनी व्याज. मी भरलेलं आहे. सेक्रेटरी म्हणतो पावती दाखवा, पावती सापडत नाही. तात्यांसारखा माणूस कुठे मिळेल?

---

जमानावे

वसंतराव, तुमचं प्रकरण उलटं आहे. कथेत एक भरणा दोनदा जमा धरलाय. तुमचा बहुधा एकदाही तुमच्या नावावर पडलेला नाही. पावती राहू द्या, पैसे ज्या दिवशी खात्यातून गेले त्या दिवसाचा बँकेचा उतारा घेऊन जा आणि तुमचं खतावणीचं पान दाखवा म्हणा. आपल्या व्यवहाराची नोंद असलेला भाग पाहण्याचा हक्क सहकार कायद्यानेच सभासदाला दिला आहे, तोही फुकट.

त्याच तरतुदीमुळे अनघाताईंचा आक्षेप निम्मा बरोबर ठरतो. तात्यांना हक्क म्हणून ही पुस्तकं मागता आली नसती. पण खजिनदाराने स्वतः आणून दाखवली तर तो शिस्तीचा प्रश्न आहे, चोरीचा नाही.

---

आत्याबाई

मी चार वर्षं खजिनदार होते, म्हणून लिहिते. तात्या गप्प राहिले असं सगळे का म्हणताय? टिकली केली ना त्यांनी! जुळवणीच्या टेबलावरचा माणूस असाच बोलतो. त्यांनी तोंडाने "तुम्ही दोनदा धरलंय" म्हटलं असतं तर ती आकडा बदलून मोकळी झाली असती. टिकल्या केल्या म्हणून तिने स्वतः मोजलं. आणि हे काम बिनपगारी असतं हो. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही चालू असताना, फोनवरचे "ताई पैसे पाठवले" असे निरोप बघत पावत्या फाडायच्या. महिन्याअखेर पासबुक हातात येतं तेव्हा कोणता साडेचार हजार कुणाचा, हे देवालाही सांगता येत नाही. सगळ्यांचे आकडे सारखेच!

---

ठाणेकर_अनघा

आत्याबाई, जुलैची चूक मी मान्य करते, कुणाचीही होईल. पण त्या घडी घातलेल्या कागदाचं काय? फोनवरून आलेले पैसे त्याच दिवशी खात्यात पडतात, त्यात 'वटायचे बाकी' काय राहतं? आणि धनादेश असते तरी तीन महिन्यांनंतर ते वटत नाहीत. जुलैच्या रकमा मार्चअखेर बाकी दाखवणारी यादी तिने डोळे मिटून केली?

---

जमानावे

हे मी लिहायच्या आत तुम्ही लिहिलंत. संशय दुसऱ्या नोंदीत नाहीच, तो त्या यादीत आहे. यादी करणाऱ्याला फरक कळला होता आणि त्याने फरकाला नाव दिलं. पारावरचा, तुम्हाला संशय ठेवायचा आहे ना? मग तो तिथे आधीच आहे, तुमच्या नकळत असला तरी.

---

आत्याबाई

मीही अशी यादी केली आहे एका वर्षी. रात्रीचे दीड वाजले होते, फरक सापडत नव्हता, मागच्या खजिनदाराच्या यादीत जो मथळा होता तोच लिहून त्याखाली फरक बसवला. एक रुपयाही घेतला नव्हता. ऑडिटरने पहिल्याच बैठकीत विचारलं, मला घाम फुटला. त्याला तुम्ही घोटाळा म्हणणार असाल तर म्हणा.

---

ठाणेकर_अनघा

घोटाळा नाही म्हणणार. पण तुम्हाला ऑडिटरने विचारलं. तात्यांनी विचारलं नाही.

---

बोरूबहाद्दर

नऊचं पटलं, मागे घेतो. पण खोडरबर कशाला? रोजकीर्द शाईने लिहिलेली असणार. मग ती फक्त टिकल्याच पुसू शकते.

---

जमानावे

तेच तर! टिकल्या पुसायला मागते की दुरुस्ती सुरू करायला, हे त्या एका वाक्यात कळत नाही, आणि मला ते आवडलं. प्रत्यक्षात दुरुस्तीला खोडरबर लागतच नाही. ऑडिट व्हायचं आहे, त्यामुळे ३१ मार्चच्या तारखेने एकच उलटी नोंद पुरते: मेंटेनन्स नावे ५४,०००, बँक जमा ५४,०००, खाली बारा पावत्यांचे नंबर. जुन्या ओळी तशाच दिसत राहायला हव्यात. हेच ऑडिट होऊन, वार्षिक सभेत हिशेब मंजूर झाल्यावर सापडलं असतं तर काम अवघड होतं. तेव्हा चालू वर्षात नोंद करून सभेपुढे उघड सांगावं लागतं, आणि दोष दुरुस्ती अहवालात ते येतं. गेलेलं वर्ष पुन्हा उघडावं की नाही यावर आमच्यातच एकमत नाही.

वॉटरप्रूफिंगवाल्याला मात्र सभेपर्यंत थांबवायला हवं, आणि तो निरोप कथेत कुणीच देत नाहीये.

---

पारावरचा

सगळ्यांचे आभार. खरं सांगतो, तो कागद मी फक्त तात्यांना चष्मा पुसायला निमित्त हवं म्हणून घातला होता. आता वाटतं, ती यादी कुणाच्या अक्षरात आहे हे लिहावं लागेल. सुनीताताईंच्या की मागच्या खजिनदाराच्या?

---

आत्याबाई

मथळा मागच्याच्या अक्षरात, आकडे तिच्या.

---

ठाणेकर_अनघा

आणि तात्यांना ते दोन्ही हात ओळखू येऊ देत. मग चहा विचारतात का बघू.

---

विरारचा_वसंत

बँकेचा उतारा मिळाला. ४ ऑक्टोबरला गेलेत पैसे. उद्या जातो.