अनुभव धागा: चेनने अस्तर खाल्लं तर तुम्ही कसं सोडवता?

खापरमांडे, अमळनेर

परवा सकाळी पावणेसातला शाळेची रिक्षा दारात उभी, बाहेर चांगलीच थंडी, आणि मुलाच्या जॅकेटची चेन छातीपाशी अडकली. आतलं पातळ अस्तर रनरमध्ये शिरलं होतं. मी वर ओढली, खाली ओढली, जोर लावला तसं अस्तर आणखी आत गेलं. शेवटी जॅकेट तसंच डोक्यावरून काढलं आणि तो स्वेटरवर गेला. जॅकेट अजून तसंच पडलंय. मला फाडायचं नाही, कापायचं नाही. मागच्याच वर्षी घेतलंय आणि या वर्षीही त्याला बसतं.

तुमच्यापैकी कुणी अशी चेन घरी सोडवली असेल तर नेमकं काय केलंत ते लिहा. "हळूच ओढा" एवढं नको. कुठे धरलं, कुठल्या बाजूला ओढलं, ते सांगा.

केळीबाग, रावेर

ताई, खोबरेल तेल. दोन थेंब रनरवर सोडा, पाच मिनिटं थांबा, सरकते. माझ्या प्रवासी बॅगेची चेन मी कायम अशीच मोकळी करतो.

तापीकाठ, भुसावळ

केळीबाग भाऊ, तुमचा उपाय चेन जड चालत असेल तेव्हाचा आहे. ताईंची चेन जड नाही, तिच्यात कापड आहे. माझं शिलाईचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. दर हिवाळ्यात अशी जॅकेटं येतात, आणि त्यातल्या निम्म्यांवर तेलाचा डाग आधीच पडलेला असतो. अस्तरावरचा तेलाचा डाग सहज जात नाही. वर तेलाला धूळ आणि कापसाचा तंतू चिकटतो, मग पुढच्या महिन्यात चेन खरोखरच जड होते. आणि या थंडीत खोबरेल बाटलीतच गोठलेलं असतं.

ताई, आधी अडकण्याचं कारण बघा, म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. रनर म्हणजे वर एक पत्रा, खाली एक पत्रा आणि दोघांना पुढच्या तोंडाशी जोडणारा मधला खुंट. चेन लावताना रनर वर जातो, दात त्याच्या रुंद तोंडातून आत शिरतात आणि मागून जुळून बाहेर पडतात. अस्तर ढिलं असलं की तेही दातांबरोबर त्याच तोंडातून आत जातं. म्हणजे कापड वरून आत गेलंय. ते बाहेरही वरूनच काढायचं. लोक कापड खाली ओढतात किंवा सरळ स्वतःकडे खेचतात, त्यामुळे घडी आणखी दाटते.

आता कृती. जॅकेट अंगात असताना करू नका, अंगाच्या ताणाने चेन आवळलेली राहते. तुम्ही डोक्यावरून काढलंत ते बरोबर केलंत. टेबलावर पसरा आणि आतली बाजू वर करा. रनरच्या खाली, जुळलेल्या चेनवर डाव्या हाताचा तळवा दाबून ठेवा म्हणजे ती सपाट राहील. रनरच्या तोंडाबाहेर जे अस्तर दिसतंय ते त्याच हाताच्या अंगठा-तर्जनीत, अगदी तोंडाजवळ पकडा. त्याला वर आणि थोडं बाजूला, दातांपासून दूर, असा सतत ताण द्या. झटका नाही. आता उजव्या हाताने रनर खाली घ्या, पण फक्त तिळाएवढा. थांबा. अस्तर थोडं सुटेल, नवीन सुटलेला भाग पकडा, परत ताण, परत तिळाएवढं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जॅकेटच्या रनरला आत छोटी खीळ असते. ओढायची कडी आडवी पडली की खीळ दातांत बसते आणि रनर जागचा हलत नाही, कारण ती चेन आपोआप उघडू नये म्हणूनच असते. तेव्हा कडी आधी उभी करा आणि तिलाच धरून रनर हलवा. कडी आडवी असताना रनर अंगाला धरून ढकललात तर खीळ दात चावते, आणि मग चेन कापडामुळे नाही, त्या चावलेल्या दातांमुळे बिघडते.

खापरमांडे, अमळनेर

काका, आत्ता बघितलं. कडी आडवीच होती आणि मी रनरच दाबून ढकलत होते! अस्तर मात्र तोंडाबाहेर जेमतेम दिसतं, चिमटीत येतच नाही.

तापीकाठ, भुसावळ

मग बोथट टोकाची जाड सुई घ्या, किंवा भुवयांचा चिमटा. धारदार सुई नको, ती धागा फोडते आणि तिथूनच अस्तर उसवतं. रनर आणि चेनची पट्टी यांच्या मधल्या फटीतून घडीचा एक पदर टोकाने वर उचला. एक पदर निघाला की बाकीची घडी सैल पडते. सगळी घडी एकदम ओढायचा मोह टाळा.

वैशाखऊन, जळगाव

माझ्या पर्सची चेन रनरच्या मागे उघडते. पुढे लावत जाते आणि मागून दात सुटत जातात. काका, मीही असंच वर ओढू का?

तापीकाठ, भुसावळ

नाही ताई, तुमचं अडकलेलं नाही, तुमचा रनर ढिला झालाय. दोन्ही पत्र्यांमधली फट वाढली की दात पुरेसे दाबले जात नाहीत. रनर सुरुवातीच्या टोकाला न्या, पकडीने आधी एक कड हलकी दाबा, मग दुसरी कड तेवढीच. खालच्या अरुंद बाजूकडे दाबा, तोंडाकडे नाही. एकदा दाबलं की चालवून बघा, लागलं तर पुन्हा. एकदम जोरात दाबलंत तर रनर सरकणारच नाही. स्वस्त रनर ओतीव जस्ताचे असतात, वाकण्याऐवजी तडकतात. तडकला तर नवीन टाकावा लागतो. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो, ३, ५, ८ असा. तोच नंबर मागा आणि चेन नायलॉनची आहे की धातूची तेही सांगा. ५ नंबरच्या धातूच्या चेनचा रनर ५ नंबरच्या नायलॉन चेनला चालत नाही.

शेवभाजी, धुळे

मी पेचकसवाला. आमच्याकडे रनरच्या बाजूच्या फटीत चपट्या तोंडाचा छोटा पेचकस घालून जरा पिळतात. फट केसभर वाढते, कापड आपसूक निघतं. मग पकडीने परत दाबायचं. दोन मिनिटांचं काम आहे भो, तिळातिळाने कोण बसणार?

तापीकाठ, भुसावळ

शेवभाजी भाऊ, मीही करतो, पण शेवटी. फट एकदा वाढवलेला रनर पहिल्यासारखा दाबला जाईलच असं नाही. पाचात एखादा नंतर वैशाखऊन ताईंच्या पर्ससारखा मागून उघडायला लागतो.

शेवभाजी, धुळे

माझे तरी टिकलेत. दोन बॅगा आणि एक जॅकेट, तीन वर्षं झाली.

केळीबाग, रावेर

तेलाचं मी मागे घेतो, जॅकेटला नको. पण जड चाललेल्या बॅगेला काय लावायचं ते तरी सांगा काका. आमच्याकडे कापूस आणि धूळ दोन्ही आहे.

तापीकाठ, भुसावळ

आधी जुन्या दातघासणीने दात कोरडेच झाडा. मग नायलॉनच्या चेनला मेणबत्ती घासा, धातूच्या चेनला पेन्सिलीचं टोक. घासून रनर चार-पाचदा वरखाली करा, जास्तीचं फडक्याने पुसा. मेण कोरडं राहतं, म्हणून धूळ कमी धरतं. साबणाची कोरडी वडीही चालते, पण घामाने ती ओली होते म्हणून मला मेणच आवडतं.

परिचारिका_नंदुरबार

इथे एक सांगणं गरजेचं वाटतं. लहान मुलांच्या पँटच्या चेनमध्ये कातडी अडकते तेव्हा वरचं काही करू नका. ओढू नका, रनर वरखाली करू नका, सरळ दवाखान्यात या. आमच्याकडे गरज पडली तर डॉक्टर रनरचा तोच मधला खुंट कटरने तोडतात, दोन्ही पत्रे वेगळे होतात आणि चेन आपोआप उघडते. रनर वाया जातो, मूल वाचतं त्रासातून.

खापरमांडे, अमळनेर

निघालं! आत्ताच. सगळं लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

जॅकेट उलटं करून टेबलावर ठेवलं. अस्तर दोन पदरी आत गेलं होतं, नखाएवढी घडी. सासूबाईंनी चेन सपाट धरली, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे राहिले. हे मला फार सोपं पडलं. कडी उभी केली, जाड सुईने वरचा पदर उचलला, तो भुवयांच्या चिमट्यात धरून वर ताणला आणि रनर अगदी थोडा खाली घेतला. पहिल्या तीन-चार वेळा काहीच झालं नाही. मग एकदम पदर बोटाच्या पेरभर बाहेर आला. तिथून दुसरा पदर पाच मिनिटांत आला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. अस्तराला चुणी पडली आहे, फाटलं नाही.

पण आता नवीन अडचण. चेन लावली तर त्याच जागेच्या थोडं खाली फुगा येतो आणि रनर तिथेच थांबतो. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त लांब झाल्यासारखी दिसते.

तापीकाठ, भुसावळ

शाब्बास. हा फुगा म्हणजे ओढाताणीत एका बाजूचा दात पुढे जुळला आणि एक दात उपाशी राहिला. वरून दाबून तो जात नाही. तुमची चेन खालून सुटी होते ना? मग रनर पार खाली डबीपर्यंत आणा. फुग्यावर अडला तर फुग्याच्या दोन्ही बाजूंनी पट्टी ताणून धरा म्हणजे दात सरळ होतात, आणि कडी उभी ठेवून रनर खाली घ्या. मग दुसऱ्या बाजूची पिन डबीतून पूर्ण काढा आणि परत तळाला टेकेपर्यंत घाला. पिन अर्धी बसली की चेन पहिल्या दातापासूनच तिरकी लागते. आता सावकाश लावा.

तरीही त्याच जागी फुगा आला तर तिथले दात बोटाने चाचपून बघा. एखादा चपटा किंवा वाकडा लागला तर तो खिळीने चावलेला आहे. नायलॉनचा चपटा झालेला दात सरळ होऊन टिकत नाही, पूर्ण चेन बदलावी लागते.

खापरमांडे, अमळनेर

पिन अर्धीच बसली होती काका. परत घालून लावली, फुगा गेला. एक दात थोडा चपटा लागतोय, पण रनर त्यावरून जातो. किती दिवस जाईल?

तापीकाठ, भुसावळ

ते सांगता येणार नाही ताई. एक दात असेल तर हिवाळा निघू शकतो. आता एवढं करा, चेनच्या कडेपासून बोटभर अंतरावर अस्तर आणि पट्टी एकत्र धरून हाताने साधी धावदोऱ्याची एक शिवण घाला, वरपासून खालपर्यंत. अस्तर ढिलं राहिलं नाही की रनरच्या तोंडापर्यंत पोचत नाही. कारखान्यातून ती शिवण बऱ्याच जॅकेटांना घातलेलीच नसते.

वैशाखऊन, जळगाव

पर्सचा रनर दोन्ही कडांनी दाबला, आता मागून उघडत नाही. पण पट्टीच्या वळणावर अजून अडखळतो. तिथे अजून दाबू की मेण लावू?

शेवभाजी, धुळे

मेण आधी लावा.