मदत हवी आहे: दीड तासाचं पेशीविभाजन एका पानात कसं बसवू?

भाचा यंदा अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. त्याच्या सरांच्या दीड तासाच्या लेक्चरचं टंकलेखन छापलं तर 23 पानं झाली. त्यातून मला एकपानी साधी शब्दसूची करायची आहे.

पहिली अडचण ऐकण्याची. टंकलेखनात मायटोसिस आणि मायोसिसची सरमिसळ झालीय. 'गुणसूत्रांच्या जोड्या लागतात', 'संख्या निम्मी होते' असं पुढेमागे दिसलं की मी तिथे मायोसिस धरते. पण नुसतं 'पेशी दुभंगते' एवढंच असेल, तर काहीच ठरत नाही.

खरी गोची 'गुणसूत्र' या शब्दाची आहे. सरांनी कांद्याच्या मुळाचं उदाहरण घेतलंय. पेशीत 16 गुणसूत्रं. डीएनएची नक्कल झाल्यावरही ते 16च म्हणतात आणि पश्चावस्थेत एकदम 32! भाचा म्हणतो, "मावशी, सर चुकले." चुकले नाहीत. नक्कल झालेल्या गुणसूत्राचे दोन धागे, म्हणजे क्रोमॅटिड, गुणसूत्रबिंदूशी जोडलेले असतात, तोवर ते एकच मोजतात. धागे सुटले की प्रत्येक स्वतंत्र गुणसूत्र.

मी लिहिलंय: 'गुणसूत्र: गुंडाळलेल्या डीएनएचा धागा. मोजताना गुणसूत्रबिंदू मोजा.' पण मग गुणसूत्रबिंदूची व्याख्या आधी द्यावी लागते, आणि तीत पुन्हा क्रोमॅटिड येतो. असं गोल गोल फिरतंय.

शिकवणाऱ्यांनो, अशा वेळी शब्द अकारविल्हे लावता की विभाजनाच्या क्रमाने? आणि क्रोमॅटिडला मुलांच्या तोंडी बसेल असा मराठी शब्द कोणता वापरता?