अनुभव धागा: वर्गातलं काम कंपनीच्या अर्जात कसं मांडलंत?

शाळेतून कॉर्पोरेट ट्रेनिंग किंवा इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे वळलेल्यांनी आणि असे अर्ज वाचणाऱ्यांनी लिहावं. नोकरी का सोडली ते नको, अर्जातलं कुठलं वाक्य कसं बदललं तेवढंच हवं. मासल्याला हा परिच्छेद: ‘१२ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. दहावीचा निकाल सलग ९५ टक्क्यांच्या वर. विद्यार्थीप्रिय शिक्षिका. नव्या आव्हानाच्या शोधात.’

निळी शाई
निकालाचं वाक्य आधी काढा. मुलं बाहेर क्लासला जातात, त्यामुळे त्या ९५ टक्क्यांत तुमचा वाटा किती, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी एका घटक चाचणीनंतर काय केलंत ते लिहा. समजा, शेकडेवारीच्या चाचणीत ४२ पैकी २३ मुलांनी ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ याचं उत्तर ३० टक्के लिहिलं. खरी सूट २८ टक्के, कारण १०० रुपयांच्या वस्तूवर दुसरी सूट उरलेल्या ८० रुपयांवर बसते. मग दोन तासिका दुकानाच्या बिलांवर काम करून घेतलं, आकडे बदलून पुन्हा चाचणी घेतली आणि चुकणारी मुलं ६ राहिली. चूक शोधली, तिचं कारण काढलं, उपाय केला, मोजून पाहिलं. ट्रेनिंग विभागाचं कामही याच क्रमाने चालतं. आकडे मात्र स्वतःच्या गुणनोंदीतलेच हवेत, मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतात.

सह्याद्री७
एवढं कशाला? शब्द बदला. विद्यार्थ्याला लर्नर, चाचणीला असेसमेंट, पाठ टाचणाला डिझाइन डॉक्युमेंट म्हणा. शेवटी ॲडी आणि कर्कपॅट्रिक या मॉडेलांची नावं टाका. अर्ज आधी शब्द जुळतात का यावरच चाळले जातात.

निळी शाई
जाहिरातीतले शब्द अर्जात हवेत, हे बरोबर. पण कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या आहेत: प्रतिक्रिया, शिकणं, कामावरचं वागणं आणि परिणाम. घटक चाचणी दुसरीवरच थांबते. नाव लिहिलंत की ‘तिसरी पातळी कशी मोजली?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर नसेल तर ते नाव नको.

खडूफळा
मी जिल्हा परिषदेत आहे. अर्जाआधी ना हरकत प्रमाणपत्र लागतं का? तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मी सुलभकही असतो.

दुपारची तासिका
सर, प्रमाणपत्राचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे ते हरवेल. पण सुलभकाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, अर्जात ते पहिल्या ओळीत हवं. मुलांना शिकवणाऱ्याला मोठी माणसं ऐकतील का, ही वाचणाऱ्याची पहिली शंका असते. किती शिक्षक, किती दिवस, साहित्य वरून आलेलं की तुम्ही बदललेलं, हे लिहा. नंतर त्यांच्या वर्गात जाऊन पाहिलं असेल तर तीच वर म्हटलेली तिसरी पातळी.

आणखी एक. ट्रेनर आणि इन्स्ट्रक्शनल डिझायनर यांना एकच पत्र पाठवू नका. डिझायनरच्या पत्रात वर्गावरचा ताबा फारसा कामाचा नाही. तिथे प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता बोलतो: ४० गुण कोणत्या घटकाला, कोणत्या उद्दिष्टाला किती आणि का. सोबत ६ ते ८ स्क्रीनचा स्टोरीबोर्ड जोडा. प्रत्येक स्क्रीनला मजकूर, निवेदन, चित्र, शिकणाऱ्याने काय करायचं आणि चुकल्यावर त्याला काय दिसेल, असे रकाने करा. शेवटच्या रकान्यात शिक्षक उठून दिसतो. नवखा माणूस ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ लिहितो. तुम्ही ३० टक्के हे उत्तर निवडणाऱ्याला विचारता, ‘दुसरी सूट १०० रुपयांवर धरलीत का?’ नमुन्यात पाठ्यपुस्तकाची पानं आणि मुलांचे फोटो नकोत. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक कुणी उघडत बसत नाही.

सह्याद्री७
स्टोरीबोर्डचं पटलं. पण १२ वर्षं लिहायची का? कुणी नवखे म्हणून शून्य धरतात, कुणी पगार परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवतात.

निळी शाई
मी लिहिते, पण दुसऱ्या परिच्छेदात.

दुपारची तासिका
मी पत्रात लिहितच नाही, बायोडेटात असतंच की.

धागाकर्ती
सुधारून बघितलं: ‘शेकडेवारीच्या चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांची एकच चूक आढळली. कारण शोधून दोन तासिकांचा सराव तयार केला. फेरचाचणीत चुकणारे २३ वरून ६ झाले. हाच विषय प्रौढांसाठी ७ स्क्रीनमध्ये मांडलेला स्टोरीबोर्ड सोबत जोडला आहे.’ आकडे निळी शाईंचेच ठेवलेत, माझ्या नोंदीतले काढून घालेन.

निळी शाई
चांगलं झालंय. फक्त कंपनी यात कुठेच नाही. जाहिरातीत दुकानातल्या विक्रेत्यांचं प्रशिक्षण असेल तर सवलतीचाच हिशेब ठेवा, तिथे तो रोज लागतो. बँकेसाठी असेल तर व्याजाचं उदाहरण घ्या आणि स्टोरीबोर्डही त्यावरच करा.