[मदत हवी आहे] माइनक्राफ्टमध्ये शेडर लावून लांबचं बघायचंय, कार्ड बदलू की प्रोसेसर?

बुरुजबांधे:
नमस्कार मंडळी, जावा एडिशनमध्ये डोंगरी किल्ला बांधतोय, सिंगल प्लेअर. बालेकिल्ल्यावरून खालचं बंदर दिसायला हवं, ते साधारण ७०० ब्लॉक लांब आहे. सोडियम आणि आयरिस टाकलंय, शेडर कॉम्प्लिमेंटरी रीइमॅजिन्ड, प्रोफाइल हाय. रेंडर डिस्टन्स ३२ केलं की १७-१८ एफपीएस मिळतात आणि बंदर तरी दिसत नाहीच. पीसी: रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६५० ४ जीबी, ८ जीबी रॅमची एकच काडी, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी मॉनिटर. बजेट ३० हजार, त्याच्या वर नाही जमणार. दुकानदार म्हणतोय आधी प्रोसेसर बदला, खरंय का?

टॉर्चवाला:
रॅमचा लोचा आहे भाऊ. १६ कर आणि लाँचरमधून गेमला सरळ १२ देऊन टाक, माझं असंच सुटलं होतं.

रेडस्टोनताई:
रॅम वाढव हे बरोबर, पण १६ मधले १२ गेमला नको देऊस, विंडोज आणि ब्राउझरला काय उरणार. शिवाय हीप उगाच मोठी ठेवली की जावाची सफाई कधीकधी एकदम होते आणि गेम क्षणभर अडकतो. `-Xmx6G` पुरे.

@बुरुजबांधे, पैसे घालायच्या आधी तीन गोष्टी बघून सांग. एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभा राहा. आधी ३२ ला शेडर बंद करून एफपीएस बघ, मग शेडर चालू ठेवून रेंडर डिस्टन्स १२, मग परत ३२ करून गेमची खिडकी लहान कर. प्रत्येक वेळी टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू किती टक्के चाललाय तेही बघ.

नवखा_मायनर:
ताई माझ्या मोबाईलवर पण हे शेडर चालतील का, ६ जीबी रॅम आहे

रेडस्टोनताई:
नाही रे, मोबाईलवर बेडरॉक असतं, आयरिसचे पॅक तिथे चालत नाहीत. वेगळा धागा काढ, तिथे सांगते.

बुरुजबांधे:
केलं. शेडर बंद, ३२ ला ९५ च्या आसपास, जीपीयू ६० टक्के. शेडर चालू, १२ ला ४०, जीपीयू ९९. ३२ ला खिडकी अर्धी केली तर १८ चे ३० झाले.

रेडस्टोनताई:
मग प्रोसेसरला हात लावू नकोस. खिडकी लहान केल्यावर प्रोसेसरचं काम तेवढंच राहतं, फक्त पिक्सेल कमी होतात, तरी एफपीएस वाढले म्हणजे अडलंय कार्डापाशी. शेडर नसताना ३६०० तुला ९५ देतोच आहे.

आता बंदराचं. एक चंक १६ ब्लॉकचा, म्हणजे ३२ चंक झाले ५१२ ब्लॉक. ७०० वरचं बंदर कुठलंही कार्ड आणलंस तरी ३२ वर दिसणार नाही. आणि सरळ चौकोन धरला तर १२ ला तुझ्याभोवती २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चंक होतात, ३२ ला ६५ गुणिले ६५, म्हणजे ४२२५. त्यात शेडर सावल्यांसाठी सूर्याच्या बाजूनं जग पुन्हा एकदा काढतो, म्हणून शेडरमधलं शॅडो डिस्टन्सही कमी करून बघ.

त्यापेक्षा डिस्टंट होरायझन्स मॉड टाक. जवळचे १२ चंक खरे राहतात, पुढचा मुलूख जाड ठोकळ्यांत दिसतो. ६४ ठेवलंस की १०२४ ब्लॉक, त्यात बंदर आरामात येतं. कॉम्प्लिमेंटरी त्याच्याबरोबर चालतो, सगळे शेडर चालत नाहीत. पहिल्यांदा लांबचा भाग तयार होईपर्यंत प्रोसेसर तापेल आणि डिस्कवर जागा जाईल, तेवढं धर. लांबून तुझ्या बुरुजांच्या चर्या मात्र नीट दिसणार नाहीत, तो तपशील जवळच्या चंकांतच.

खर्च: आरएक्स ६६०० ८ जीबी. १३२ वॅटचं आहे, एएमडी त्याला ४५० वॅटचाच सप्लाय सांगते. उरलेल्या पैशात तशीच दुसरी ८ ची काडी, दोन काड्या झाल्या की रॅम ड्युअल चॅनेलमध्येही चालेल.

टॉर्चवाला:
एएमडी आणि ओपनजीएल? नको रे बाबा. जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघ.

रेडस्टोनताई:
ते २०२२ च्या आधीचं. त्या वर्षी त्यांनी विंडोजचा ओपनजीएल ड्रायव्हर सुधारला, या गेममध्ये फरक मोठा पडला. ३०६० चांगलंच आहे, पण १७० वॅट, एनव्हिडिया ५५० चा सप्लाय सांगते, म्हणजे तोही बदलायला लागला की बजेट गेलं.

टॉर्चवाला:
सप्लाय चांगल्या कंपनीचा असेल तर ४५० वर ३०६० चालवणारे आहेत की. आणि काही शेडर अजूनही एनव्हिडियावरच नीट दिसतात, माझं मत तेच.

बुरुजबांधे:
डिस्टंट होरायझन्स आत्ताच टाकलं, जुन्याच कार्डावर, प्रोफाइल लो, १२ आणि ६४. बंदर दिसतंय!! ३५ एफपीएस. पाण्यावर लांब कुठेतरी एक सरळ रेष दिसतेय, जिथे खरे चंक संपतात तिथे बहुतेक. ती कशी घालवायची? रॅमची काडी उद्या आणतो, कार्डाचं दोघांचं वाचून अजून ठरत नाहीये.

रेडस्टोनताई:
मॉड आणि शेडर दोन्हीच्या व्हर्जन टाक, आणि त्या रेषेचा स्क्रीनशॉट दे.